फोटो पुसण्याआधी गुणपत्रक शब्दा-आकड्यांत उतरवून ठेवताना

काही वर्षांपूर्वी मी माझ्याच गुणपत्रकाच्या फोटोवरून वहीत एक ओळ लिहिली होती, एकूण गुण आणि टक्के. फोटो नंतर गेला. पुढे एका अर्जात फक्त तीन विषयांची मिळून टक्केवारी मागितली, तेव्हा त्या ओळीचा काडीचा उपयोग झाला नाही. एकूण गुणांतून विषयांचे गुण परत काढता येत नाहीत. विषयांच्या गुणांतून मात्र एकूण कधीही काढता येतात. तेव्हापासून असा फोटो हातात आला की मी आधी पूर्ण तक्ता उतरवते, टक्क्यांकडे शेवटी वळते.

मागच्या खेपेला भाचीचं गुणपत्रक होतं. मूळ कागद प्रवेशासाठी जमा झाला होता, हाती उरला होता मोबाईलवर घाईत काढलेला एक फोटो, आणि तो मोबाईल दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी पूर्ण पुसला जाणार होता. फोटो संदेशातून फिरून आलेला असल्यामुळे बारीक झाला होता, कागदाला घडी होती आणि एका कोपऱ्यावर फ्लॅशचा पांढरा डाग होता. तेच उदाहरण घेऊन सगळी रीत सांगते.

आकड्यांच्या आधी चौकट

पहिली चूक इथेच होते. आपण थेट मिळालेले गुण टिपायला लागतो, कारण नजर तिकडेच जाते. पण टक्केवारीला दोन संख्या लागतात: किती मिळाले आणि कितीपैकी. ही दुसरी संख्या आपण गृहीत धरतो, "शंभरपैकीच असणार" म्हणून. भाचीच्या गुणपत्रकात सहा विषय होते. पाच विषय शंभराचे आणि पर्यावरण पन्नासाचा. म्हणजे एकूण 550 पैकी, 600 पैकी नव्हे. फोटो गेल्यावर हे आठवणीतून सांगायची वेळ आली असती तर मी बेधडक 600 म्हटलं असतं.

म्हणून आधी रकान्यांची शीर्षकं जशी छापली आहेत तशी उतरवा. विषय, लेखी, लेखीचे कमाल गुण, अंतर्गत किंवा प्रात्यक्षिक, त्याचे कमाल गुण, विषयाचे एकूण, आणि ते एकूण कितीपैकी. कुठे फक्त श्रेणी दिली असेल, कुठे रकाना रिकामा असेल, तर तेही तसंच ठेवा. रिकाम्या जागी शून्य लिहू नका. शून्य म्हणजे परीक्षा दिली आणि गुण मिळाले नाहीत, रिकामं म्हणजे त्या विषयाला तो भागच नव्हता, आणि गैरहजेरीची खूण म्हणजे तिसरीच गोष्ट. तक्त्यात तिन्हींचं शून्य झालं की नंतर कोणालाही त्यातला फरक सांगता येणार नाही.

विषयांची संख्या मोजून खाली लिहून ठेवा. साधी गोष्ट वाटते, पण घडीखाली एक अख्खी ओळ गेली असेल तर ती चुकली आहे हे यावरूनच कळतं. विषयांना क्रमांक किंवा सांकेतांक असतील तर तेही घ्या, कारण एकाच नावाच्या विषयाचे दोन भाग असले की नावावरून ते वेगळे ओळखता येत नाहीत.

आता गुण, ओळीओळीने

फोटो सरळ करून घ्या. किंचित तिरका फोटो हे मोठं संकट असतं. डावीकडे नजर "भौतिकशास्त्र"वर असते आणि उजवीकडे पोचेपर्यंत ती रसायनशास्त्राच्या गुणांवर घसरते. दोन विषयांचे गुण अदलाबदल झाले तरी एकूण बेरीज तीच राहते, त्यामुळे बेरीज करून ही चूक कधीच सापडणार नाही. मी पडद्यावर कागदाची एक सरळ कड धरते आणि ती ओळीगणिक खाली सरकवते. जुनी पद्धत आहे, पण घसरणारी नजर तिनेच थांबते.

फोटोतला मजकूर उचलून देणारी सोय बहुतेक मोबाईलमध्ये असते. तिने विषयांची नावं झटकन मिळतात, तेवढ्यापुरती ती चांगली. गुणांच्या बाबतीत मी तिच्यावर विसंबत नाही. रिकामा रकाना तिला दिसत नाही, त्यामुळे पुढचा आकडा डावीकडे सरकतो आणि अंतर्गत गुण लेखीच्या रकान्यात जाऊन बसतात. पर्यावरणाच्या ओळीत नेमकं हेच झालं. लेखीचा रकाना रिकामा होता आणि 43 तिथे जाऊन चिकटले होते.

जो आकडा स्पष्ट नाही तिथे अंदाज लिहू नका, प्रश्नचिन्ह लिहा. दशक दिसतंय आणि एकक नाही, तर `4?` असं लिहा. अर्धी माहितीसुद्धा पुढे कामाला येते. अंदाजाने 43 लिहिलं की अर्ध्या तासाने तो अंदाज होता हे आपणच विसरतो.

भाचीच्या गुणपत्रकाची पहिली वाचणी अशी निघाली:

```
विषय          लेखी    अंतर्गत   एकूण   पैकी
मराठी         61/80   17/20    87    100
इंग्रजी         53/80   16/20    ?     100
गणित          66/80   18/20    84    100
भौतिकशास्त्र    55/70   26/30    81    100
रसायनशास्त्र    4?/70   27/30    7?    100
पर्यावरण              43/50    43    50
एकूण                           430   550
```

फ्लॅशच्या डागाखाली इंग्रजीचं एकूण गेलं होतं. रसायनशास्त्राच्या ओळीवरून घडी गेली होती, त्यामुळे लेखीचा एकक आणि एकूणचा एकक दोन्ही संशयित. लेखीचे मला 43 वाटत होते, पण 48 ही असू शकले असते.

दुसरी वाचणी उलट्या दिशेने

पहिल्यांदा आडवं वाचलं तर दुसऱ्यांदा उभं वाचा. आधी लेखीचा पूर्ण रकाना खालून वर, मग अंतर्गतचा, शेवटी एकूणचा. पहिली वाचणी समोर ठेवून "बरोबर आहे ना" असं बघू नका, कारण मग डोळ्यांना अपेक्षित तेच दिसतं. पहिली झाकून दुसरी स्वतंत्र लिहा आणि मग दोन्ही शेजारी ठेवा.

घरात कोणी असेल तर एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. यात एक गोष्ट मराठीत विशेष सांभाळावी लागते. आकडे सुटे वाचा, "त्रेपन्न" नको, "पाच-तीन" म्हणा. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, घाईत ऐकताना यांची गफलत सहज होते. एकोणसत्तर ऐकून हात 79 लिहून मोकळा होतो, कारण शब्दात "सत्तर" ऐकू आलेलं असतं. "सहा-नऊ" म्हटलं की गोंधळायला जागाच राहत नाही.

दुसऱ्या वाचणीत माझी एक चूक सापडली. मराठीचं एकूण मी 87 लिहिलं होतं, फोटोत 78 होतं. ही लिहितानाची चूक होती, वाचतानाची नव्हे. अशी चूक ओळखायची एक खूण आहे, ती पुढे येईलच.

गुणपत्रकालाच साक्षीला बोलवा

गुणपत्रकात एकच गोष्ट दोन-तीन वेळा लिहिलेली असते. लेखी आणि अंतर्गत मिळून विषयाचं एकूण होतं. विषयांची एकूणं मिळून सगळ्यात खालचं एकूण होतं. बऱ्याच ठिकाणी तेच एकूण अक्षरांतही छापलेलं असतं. पुसट झालेला आकडा परत मिळवायचा तो याच दुहेरी नोंदींतून. म्हणून फोटो आहे तोवर या सगळ्या नोंदी उतरवून घ्यायच्या, त्या जास्तीच्या वाटल्या तरी. फोटो गेल्यावर तक्ता तपासायला दुसरं काहीच उरत नाही.

सुरुवात नेहमी खालच्या एकूणापासून करा, कारण बाकी सगळं त्यावर टेकणार आहे. माझ्या वाचणीत ते 430 होतं. पण 3 आणि 8 यांची गल्लत होते, मग ते 480 नसेल कशावरून? शेजारी अक्षरी "चारशे तीस" होतं. अक्षरांत तीस आणि ऐंशी यांची गल्लत होत नाही. तो प्रश्न तिथेच मिटला. अक्षरी नोंद नसती तरी एक वाट होती, तीही खाली दिसेल.

मग आडव्या ओळी. इंग्रजीचं एकूण डागाखाली आहे, पण लेखी 53 आणि अंतर्गत 16 दोन्ही स्वच्छ दिसतात. 53 आणि 16 मिळून 69. हा आकडा आता पक्का, फक्त तो वाचलेला नाही, काढलेला आहे. हा फरक शेऱ्यात लिहायचा, विसरायचं नाही.

मग उभी बेरीज. रसायनशास्त्र सोडून बाकीची एकूणं: मराठी 78, इंग्रजी 69, गणित 84, भौतिकशास्त्र 81, पर्यावरण 43. बेरीज 355. 430 मधून 355 गेले, 75 उरले. फोटोत `7?` दिसत होतं, त्याच्याशी हे जुळतं. इथे ते अर्धं वाचलेलं दशक कामाला आलं. बेरीज 75 म्हणते आणि डोळ्यांनी 7 पाहिलेला आहे, म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो. आणि खालचं एकूण 480 असतं तर रसायनशास्त्राला 125 गुण द्यावे लागले असते, शंभरपैकी. म्हणजे कमाल गुणांनीही 480 बाद केलं असतं.

आता लेखी. 75 मधून प्रात्यक्षिकाचे 27 गेले, 48 उरले. मला 43 वाटत होतं ते चूक ठरलं. पण घाई न करता एकदा विचारावं: लेखी खरंच 43 असून प्रात्यक्षिकाचा आकडाच मी चुकीचा वाचला असेल तर? मग प्रात्यक्षिक 32 हवं, आणि ते 30 पैकी आहे. शक्य नाही. "पैकी"चा रकाना म्हणूनच आधी उतरवायचा. तो टक्केवारीसाठी तर लागतोच, शिवाय प्रत्येक आकड्याला वरची मर्यादा घालतो.

तरीही मी फोटोकडे परत गेले. आकडेमोडीने 48 सांगितलं तर डोळ्यांनाही ते दिसायला हवं, किमान विरोधात जायला नको. त्याच कागदावर, त्याच छपाईत निर्विवाद 3 आणि निर्विवाद 8 शोधायचे. इंग्रजीच्या 53 मधला 3 आणि गणिताच्या 84 मधला 8 मी मोठे करून संशयित आकड्याशेजारी ठेवले. 3 च्या डाव्या बाजूला वर आणि खाली दोन्हीकडे उघडी जागा असते. संशयित आकड्यात खालचा डावा भाग बंद होता, फक्त वरच्या डाव्या भागातून घडीची पांढरी रेघ गेली होती. म्हणजे तो 8 च, कागद मोडल्यामुळे शाई उडालेला. फोटो बारीक केला जातो तेव्हा उलट घडतं: 3 च्या उघड्या जागा करड्या होऊन भरतात आणि तो 8 सारखा दिसतो. म्हणून डाग, घडी किंवा चकाकी असेल तर 3 दिसलेला 8 असू शकतो असं धरा, आणि नुसता धूसरपणा असेल तर 8 दिसलेला 3.

गुणपत्रकात देवनागरी आकडे असतील तर जास्त जपावं लागतं. १ आणि ९ धूसर फोटोत सारखे दिसतात. त्याहून घातक म्हणजे देवनागरी १ ला इंग्रजी 9 समजणं, कारण एकाच कागदावर कधीकधी दोन्ही प्रकारचे आकडे असतात. कुठल्या रकान्यात कोणते आकडे आहेत हे आधी ठरवून घ्या.

बेरीज जुळली नाही तर फरकाकडे बघा

समजा सगळं वाचता आलं, पण तुमची बेरीज आणि छापील एकूण जुळत नाहीत. सगळं पुन्हा वाचण्याआधी फरक किती आहे ते बघा, चूक कुठे शोधायची हे त्यातून कळतं.

फरक 9 ने भागला जात असेल तर आकडे उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता मोठी. 78 चे 87 झाले की फरक 9, 48 चे 84 झाले की 36. दोन अंकी संख्येचे अंक उलटे केले की फरक नेहमी 9 च्या पटीतच येतो. माझी मराठीची चूक दुसऱ्या वाचणीत सापडली नसती तर बेरीज 439 आली असती, आणि तो 9 बघताच मी उलटे झालेले अंक शोधले असते.

फरक 5 किंवा 50 असेल तर 3 आणि 8 कडे जा, किंवा 4 आणि 9 कडे. 6 किंवा 60 असेल तर 1 आणि 7. एक किंवा दहा असेल तर 5 आणि 6. हे नियम नव्हेत, कुठे आधी बघायचं त्याचा क्रम आहे.

आणि फरक एखाद्या विषयाच्या पूर्ण गुणांइतका आला तर थांबा. अशा वेळी आकडा चुकलेला नसतो, तो विषय एकूणात धरलेलाच नसतो. काही ठिकाणी जादा विषय एकूणात घेत नाहीत, काही ठिकाणी सर्वोत्तम पाच विषयच घेतात. तेव्हा छापील एकूण "चूक" समजून बदलू नका. कोणता विषय बाहेर आहे ते शेऱ्यात लिहा, आणि "पैकी"च्या बेरजेतूनही तो वगळा. मिळालेल्या गुणांतून वगळला आणि पैकीत ठेवला तर टक्केवारी बरीच खाली येते.

सवलतीचे गुण `33+2` असे छापलेले असतील तर तसेच लिहा. 35 करून टाकू नका. पुढे सांगितलेल्या फाईलमध्ये मात्र गुणांच्या घरात 33 ठेवा आणि `33+2` शेऱ्यात टाका, नाहीतर स्प्रेडशीट त्याला मजकूर समजते. ते 2 छापील एकूणात आहेत की नाहीत हे बेरीज करूनच कळेल, आणि ते कळलं की तेही शेऱ्यात जाईल.

तक्ता कसा साठवायचा

मी साधी मजकुराची फाईल करते, स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली. ती कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते.

```
विषय,लेखी,लेखी पैकी,अंतर्गत,अंतर्गत पैकी,एकूण,पैकी,शेरा
मराठी,61,80,17,20,78,100,
इंग्रजी,53,80,16,20,69,100,एकूण काढले 53+16
गणित,66,80,18,20,84,100,
भौतिकशास्त्र,55,70,26,30,81,100,
रसायनशास्त्र,48,70,27,30,75,100,एकूण आणि लेखीचा एकक काढला
पर्यावरण,,,43,50,43,50,लेखी नाही
छापील,,,,,430,550,अक्षरी: चारशे तीस
```

शेऱ्यात स्वल्पविराम वापरू नका, नाहीतर तिथून पुढे रकाने सरकतात. गुण इंग्रजी आकड्यांतच भरा. देवनागरी आकडे स्प्रेडशीटने मजकूर समजून घेतले तर `SUM` ने बेरीज करताना ती ते निमूट सोडून देते, चूक दाखवत नाही. आकडे घराच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसले तर हेच झालं आहे असं समजा. फाईल साठवताना आणि स्प्रेडशीटमध्ये उघडतानाही `UTF-8` निवडा, म्हणजे विषयांची नावं चौकोन आणि चिन्हांत बदलणार नाहीत.

बैठक क्रमांक या तक्त्यात घालू नका, वेगळा लिहा. तो शून्याने सुरू होत असेल तर स्प्रेडशीट ते शून्य खाऊन टाकते. गुणांच्या बाबतीत 072 चे 72 झाले तर बिघडत नाही, क्रमांकाच्या बाबतीत बिघडतं.

फाईल उघडल्यावर प्रत्येक विषयाच्या ओळीपुढे पहिलं सूत्र घाला, ओळीप्रमाणे क्रमांक बदलून, आणि दुसरं खाली एकदाच. त्याचं उत्तर सगळीकडे शून्य यायला हवं. दुसऱ्याचंही शून्य.

```
=B2+D2-F2
=SUM(F2:F7)-F8
```

आडवं आणि उभं दोन्ही तपासायचं कारण आहे. समजा मी रसायनशास्त्राचं लेखी 43 वाचलं आणि एकूणही 70 वाचलं. 43 आणि 27 मिळून 70, ओळ अगदी जुळते. दोन्ही आकड्यांवरून एकच घडी गेलेली असल्यामुळे दोन्ही एकाच प्रकारे चुकले. उभी बेरीज मात्र 425 येते आणि चूक उघडी पडते. उलट, दोन विषयांत एक चूक पाच वाढवणारी आणि दुसरी पाच घटवणारी असेल तर उभी बेरीज फसते, तेव्हा आडव्या ओळी सावध करतात. ओळींच्या अदलाबदलीला मात्र या दोन्ही तपासण्या काही करू शकत नाहीत. तिथे नजर आणि सरकती कडच.

टक्केवारी

```
=ROUND(SUM(F2:F7)/SUM(G2:G7)*100,2)
```

430 ला 550 ने भागून शंभराने गुणलं की 78.1818 येतात, दोन दशांशांपर्यंत 78.18. सूत्रात आठवी ओळ चुकून घेऊ नका. ती फक्त वर घेतली गेली तर 860 भागिले 550 म्हणजे 156 टक्के येतात आणि चूक लगेच दिसते. पण दोन्हीकडे घेतली गेली तर 860 भागिले 1100, म्हणजे पुन्हा 78.18. टक्के बरोबर आणि आतली बेरीज दुप्पट. अशी चूक अर्जात "एकूण गुण" लिहिताना बाहेर येते.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक विषयाचे टक्के काढून त्यांची सरासरी घेणं. भाचीने आधी तेच केलं होतं. पर्यावरणाचे पन्नासपैकी 43 म्हणजे 86 टक्के. मग 78, 69, 84, 81, 75 आणि 86 यांची बेरीज 473, सहाने भागून 78.83. खऱ्या टक्क्यांपेक्षा 0.65 जास्त, कारण पन्नासाच्या विषयाला शंभराच्या विषयाइतकं वजन मिळालं. सगळे विषय सारख्या गुणांचे असतील तरच दोन्ही रीतींचं उत्तर हमखास एक येतं.

फाईलमध्ये टक्क्यांऐवजी "430/550" लिहून ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. कोणी दोन दशांश मागतं, कोणी पुढचे अंक सरळ छाटतं, कोणी पूर्णांक करतं. अपूर्णांक जवळ असला की हवं ते पुन्हा काढता येतं. गुणांऐवजी नुसत्या श्रेणी असलेल्या पत्रकाला मात्र ही रीत लागू नाही. तिथे श्रेणीचे टक्के कसे करायचे याचा नियम बहुधा पत्रकाच्या मागे छापलेला असतो, त्या मागच्या बाजूचा फोटोही हवा.

विषयवार तक्त्याचा फायदा इथे दिसतो. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे मिळून टक्के? 84, 81, 75 म्हणजे 240, तीनशेपैकी, बरोबर 80. फोटो उघडावा लागला नाही.

जे काढता येत नाही ते

"मावशी, टक्के तर मिळालेच होते, मग एवढं कशाला?" असं भाचीने विचारलं. तिला मी एक शक्यता दाखवली. समजा डाग थोडा मोठा असता आणि त्याखाली इंग्रजीचं लेखीही गेलं असतं. आता इंग्रजीचं एकूण माहीत नाही आणि रसायनशास्त्राचंही नाही. बाकीच्या चार विषयांची बेरीज 286. 430 मधून 286 गेले, 144 उरले. इंग्रजी आणि रसायनशास्त्र मिळून 144, एवढंच कळतं. 69 आणि 75 की 70 आणि 74, बेरीज काही सांगत नाही. एका समीकरणातून दोन अज्ञात निघत नाहीत.

तरीही एकूण टक्के 78.18 च राहतात, कारण त्यांना फक्त 430 आणि 550 लागतात. अडतं ते तीन विषयांच्या टक्क्यांना. अशा वेळी तक्त्यात दोन्ही घरं रिकामी ठेवायची आणि शेऱ्यात लिहायचं: "इंग्रजी आणि रसायनशास्त्र मिळून 144". रसायनशास्त्राचं दशक 7 दिसलं असेल तर तेही लिहायचं, कारण त्यावरून ते 70 ते 79 मध्ये आणि इंग्रजी 65 ते 74 मध्ये बसतं. ही मर्यादा खरी आहे आणि उपयोगाची आहे. तिथे 69 आणि 75 असे सोयीचे आकडे बसवले असते तर बेरीज जुळली असती, सूत्रांनी शून्य दाखवलं असतं, आणि ते आकडे बनवलेले आहेत हे कोणालाच कळलं नसतं.

म्हणूनच "काढले" हा शेरा. अर्जात गुण भरताना वाचलेले आकडे निर्धास्त भरा. काढलेला आकडा असेल तर मूळ कागद किंवा दुसरी प्रत मिळाल्यावर फक्त तेवढेच ताडून बघा, बाकी पुन्हा तपासायची गरज नाही. भाचीच्या बाबतीत अशा फक्त तीन जागा होत्या: इंग्रजीचं एकूण, रसायनशास्त्राचं लेखी आणि त्याचं एकूण. हा तक्ता हिशेबासाठी आहे, पुरावा म्हणून तो कुठे चालणार नाही. पुराव्याला ज्यांनी गुणपत्रक दिलं त्यांच्याकडूनच दुसरी प्रत घ्यावी लागते.

फोटो पुसण्याआधी मी एक शेवटची परीक्षा घेते. फाईल अशा माणसाला पाठवते ज्याने फोटो पाहिलेला नाही, आणि त्याला दोन प्रश्न विचारते: एकूण टक्के किती, आणि अमुक तीन विषयांचे किती. या वेळी ते माझ्या धाकट्या भावाला विचारलं. पहिल्याचं उत्तर त्याने लगेच दिलं. दुसऱ्याच्या आधी त्याने विचारलं, "ताई, पर्यावरणाचं लेखी रिकामं आहे, राहून गेलंय का?" तेव्हा त्या ओळीत शेरा नव्हता. फोटो अजून समोर होता, त्यामुळे पुन्हा एकदा बघून "लेखी नाही" हे दोन शब्द भरता आले. मग मोबाईल दुरुस्तीला गेला.